संक्रांतीचा एक मेसेज आणि अल्बमात न बसलेला फोटो

प्रश्न: मी सोलापुरात लग्नाची फोटोग्राफी करतो. दर दिवाळीला जुन्या सगळ्या पार्ट्यांना लोगो असलेलं शुभेच्छा कार्ड व्हॉट्सअॅपवर पाठवतो. उत्तरात नुसते जोडलेले हात येतात, बरेच जण उघडतही नाहीत. त्यांना त्यांचं लग्न आठवेल, बरं वाटेल आणि जाहिरातही वाटणार नाही, असा मेसेज कसा लिहावा? कधी पाठवावा?

उत्तर:

आधी ‘कधी’चं बघू, कारण तिथेच निम्मं काम होतं. दिवाळीत पाठवू नका. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माणसाच्या फोनवर सोनाराचं, किराणावाल्याचं, नगरसेवकाचं, गाडीच्या शोरूमचं, सगळ्यांचं कार्ड येऊन पडलेलं असतं. त्यात तुमचं उघडायचं कारण काय? शिवाय दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, आणि तिथून आपला सीझन सुरू. बॅटऱ्या, मेमरी कार्ड, माणसं जमवण्याच्या गडबडीत एकेका पार्टीची आठवण काढून लिहायला तुम्हालाच वेळ नसतो, म्हणून तर कार्ड करून मोकळे होता.

माझा सण संक्रांत. धनुर्मासात, म्हणजे साधारण 16 डिसेंबर ते संक्रांत, आपल्याकडे बहुतेक घरांत लग्नं धरत नाहीत. हातात वेळ असतो, आणि मागच्या उन्हाळ्यातल्या लग्नांची फोल्डर बॅकअपसाठी तशीही उघडायची असतात. दुसरं कारण अस्सल सोलापूरचं. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात. कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी झालेला तो विवाह सातही नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, साक्षीने दर वर्षी होतो आणि अख्खं गाव वऱ्हाडी म्हणून उभं असतं. बाहेरगावच्या वाचकांना सांगतो, त्या दिवशी इथे रस्त्यावरून बाराबंदी घातलेली माणसं जाताना दिसतात आणि घरोघरी लग्नाचाच विषय असतो. लग्नाची आठवण काढायला याहून नेमका दिवस आपल्याला कुठे मिळणार?

आणि नवीन जोडप्याची पहिली संक्रांत असेल तर विचारायलाच नको. काळी साडी, हलव्याचे दागिने, सासरी हळदीकुंकू. त्या घरात त्या आठवड्यात लग्नाचा अल्बम कपाटातून बाहेर निघतोच, कारण शेजारणी बघायला मागतात. तुमचा मेसेज अगदी त्याच वेळी जातो.

मात्र भोगीच्या दुपारी पाठवू नका, माणसं गर्दीत असतात. किंक्रांतीला तर मुळीच नको. आपण मानत नसलो तरी घेणाऱ्या घरातली आजी मानते. सोयीची गोष्ट अशी की तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. 2025 साली रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती, 2026 साली 25 जानेवारीला. म्हणजे वर्षाप्रमाणे कमी-जास्त, पण निदान दीड आठवडा तरी मिळतो. रोज रात्री जेवण झाल्यावर आठ-दहा घरांना लिहिलं तरी पुरे. सगळ्यांना एका दिवशी पाठवायचं ठरवलंत की परत कार्डावरच याल.

आता लिहायचं काय. मेसेजात त्या लग्नातलीच एक गोष्ट हवी, जी दुसऱ्या कुठल्या लग्नात झाली नसेल. ‘आपल्या आयुष्यातील अविस्मरणीय क्षण टिपण्याची संधी दिल्याबद्दल आभार’ हे वाक्य पाचशे घरांना चालतं, म्हणूनच ते कुणालाच लागत नाही. ही एक गोष्ट आणायची कुठून? ज्यांना सवय लागली असेल त्यांच्याकडे ती लिहिलेली असते. लग्नाच्या रात्री मेमरी कार्ड कॉपी होत असताना ऑर्डर बुकात त्या पार्टीच्या नावाखाली दोन ओळी खरडायच्या: कोण रडलं, कोण हसवत होतं, काय अडलं. ही सवय नसेल तर फोल्डर उघडा आणि फाइल वेळेच्या क्रमाने लावा. कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोवर वेळ टाकलेली असते. मुहूर्ताआधीचा अर्धा तास आणि पाठवणीआधीचा अर्धा तास एवढंच बघा. स्टेजवरचे आहेर आणि ग्रुप फोटो सोडून द्या, ते सगळ्यांचे सारखेच असतात. मुहूर्ताच्या अलीकडे माणसं कॅमेरा विसरलेली असतात, तिथे गोष्ट सापडते.

एक लग्न घेऊन दाखवतो. वैशाखातलं, जुळे सोलापूरच्या बाजूचं कार्यालय, मुलीकडची ऑर्डर. ऊन असं की हॉलचे चारही कूलर घोंगावत होते आणि भटजींचा माईक त्यांच्याशी भांडत होता. तिसरं मंगलाष्टक संपता संपता लाईट गेली. कूलर बंद, माईक बंद, एवढ्या गर्दीत एकदम शांत. जनरेटर चालू व्हायला जरा वेळ लागला. तेवढ्यात मुलीची आत्या पुढे आली. तिने स्वतः रचलेलं मंगलाष्टक वहीच्या कागदावर लिहून आणलं होतं, तो कागद घामाने मऊ पडला होता. तिने माईकशिवाय, आवाज चढवून ते अख्खं म्हटलं. मागच्या खुर्च्यांवरच्या माणसांनीही तेवढंच काय ते नीट ऐकलं. माझ्याकडे त्या वेळचे सहा-सात फोटो आहेत. एका फोटोत आत्याचं तोंड उघडं, एक डोळा कागदावर, आणि अंतरपाटाआड नवरी ओठ दाबून हसतेय. लाईट नसल्यामुळे दारातून येणाऱ्या उजेडात काढलेला, जरा दाणेदार आलेला. अल्बमचं सिलेक्शन करताना घरच्यांनी तो घेतला नाही. स्टेजचे लखलखीत फोटो समोर असताना असला फोटो कोण घेतो?

आणि नेमका तोच पाठवायचा. या कामातली माझी सगळ्यात ठाम शिफारस ही: अल्बमात असलेला फोटो परत पाठवू नका. तो त्यांनी शंभर वेळा पाहिलाय, डीपीला लावून काढलाय. न बसलेल्या फोटोंचं फोल्डर फक्त तुमच्याकडे असतं आणि त्यातला एक फोटो म्हणजे त्यांच्याच लग्नातली त्यांनी न पाहिलेली गोष्ट. फक्त दोनदा तपासा. कुणाचे डोळे अर्धे मिटलेले, पदर सरकलेला, घास तोंडात, असलं काही नको. तुम्हाला मजेशीर वाटेल, पण सासरच्या ग्रुपवर तो फोटो गेला की त्या मुलीला वाईट वाटेल.

या घराला तीन वेगळे मेसेज जातात, आणि इथे बरेच जण चुकतात. ऑर्डर वडिलांनी दिलेली असते, फोटोत जोडपं असतं आणि फोन नंबर कधी कधी मामाचा असतो. जोडप्याला लिहिलं ते असं:

‘ताई, दादा, संक्रांतीचा नमस्कार. काल तुमच्या लग्नाचं फोल्डर उघडलं होतं. आत्यांनी माईकशिवाय म्हटलेलं मंगलाष्टक आठवलं. त्या वेळी अंतरपाटाआड ताई हसत होत्या, तो फोटो अल्बममध्ये बसला नव्हता, सोबत पाठवतोय. लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे, तिळगूळ घ्या, गोड बोला.’ खाली माझं आणि स्टुडिओचं नाव.

पहिल्या खर्ड्यात मी ‘लाईट गेली तेव्हा’ असं लिहिलं होतं. जोडप्याला ते चाललं असतं, तरी काढलं. कारण हा मेसेज फिरत फिरत मुलीच्या वडिलांकडे जाणार आणि लाईट जाणं ही त्यांच्या मांडवातली उणीव. लग्न मुलीकडचं असेल तर यजमानाला त्या दिवसाचं काय टोचत असतं ते आपल्याला माहीत असतं: वरात उशिरा आली, मठ्ठा कमी पडला, मानपानावरून कुणी रुसलं. वर्षं गेली तरी ते टोचणं जात नाही. म्हणून मेसेजात उणीव येईल असं एकही वाक्य नको, गमतीनेही नको. आत्याचं गाणं ठेवायचं, लाईट सोडून द्यायची. वाचणाऱ्याला लाईटचं आठवायचं तर तो आपणहून आठवेल.

वडिलांना वेगळं लिहिलं. मुलीच्या बापाचा लग्नातला स्वतःचा फोटो बहुतेक वेळा नसतोच. असतो तो कन्यादानाचा आणि पाठवणीत रडतानाचा. मी शोधला तो पंगतीतला: टॉवेल खांद्यावर, हातात जिलेबीचं ताट, व्याही ‘नको नको’ म्हणत पानावर हात धरतायत आणि हे दोन बोटांनी त्यांचा हात बाजूला करतायत. सोबत एवढंच: ‘काका, संक्रांतीचा नमस्कार. व्याह्यांना तुम्ही केलेला जिलेबीचा आग्रह सापडला, पाठवतोय. काकूंना नमस्कार सांगा.’ रडतानाचा फोटो सणाला पाठवू नका, कितीही चांगला आला असला तरी.

काकांचा रात्री फोन आला. ‘काय ओ, अजून ध्यानात हाय का तुमच्या? मला तर कुणी फोटो काढल्यालं कळलंबी नाय.’ पुढचा बराच वेळ ते जिलेबी कुणी केली होती त्यावर बोलले. मेसेजचं काम तिथे झालं.

तिसरा मेसेज आत्याला. तिचा नंबर आपल्याकडे नसतो आणि तो मिळवायच्या भानगडीत पडायचंही नाही. काकांना म्हणायचं, आत्यांना तुम्हीच पाठवा. याला एक कायद्याची बाजू आहे, ती ठाऊक असावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ऑर्डर देणारा असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. म्हणजे तुमच्याच कॅमेऱ्यातला हा फोटो ऑर्डर देणाऱ्या घरी पाठवणं ठीक, पण तोच स्टेटसला लावणं, स्टुडिओच्या पेजवर टाकणं हे विचारल्याशिवाय करायचं नाही. शुभेच्छेच्या मेसेजातच ‘पेजवर टाकू का?’ असंही विचारू नका. ते वाचलं की फोटो कशासाठी पाठवला हे समोरच्याला कळतं आणि सगळी चव जाते. ही परवानगी ऑर्डर घेतानाच, बुकिंगच्या कागदावर घ्यायची.

आता जपायची गोष्ट, जिच्यासाठी मी कुठलाही मेसेज घाईने पाठवत नाही. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली की घर बदललेलं असतं. फोटोत जी आजी खुर्चीत बसून अक्षता टाकतेय, ती कदाचित नसेल. घरात कुणी गेलं असेल तर वर्षभर ते घर सण करत नाही, आणि तिथे तुमचं ‘गोड गोड बोला’ जाऊन पडतं. काही लग्नं मोडलेलीही असतात. हे ओळखायचं कसं? जोडप्याचा डीपी जाऊन तिथे फूल किंवा मावळता सूर्य आला, मुलीच्या नावापुढचं सासरचं आडनाव गेलं, अल्बम न्यायलाच कुणी आलं नाही, उरलेली रक्कम कुणी तिसऱ्यानेच आणून दिली, अशा खुणा असतात. खुणांवरून निष्कर्ष काढू नका, पण थांबा. ज्याच्या ओळखीने ऑर्डर आली त्याला सहज ‘कसं चाललंय त्यांचं’ एवढं विचारा. सोलापूर काही एवढं मोठं नाही, दोन फोनांत कळतं. खात्री झाली नाही तर त्या घराला मेसेज नाही. एक शुभेच्छा कमी गेली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

गेलेल्या माणसाचा चांगला फोटो तुमच्याकडे असेल तर तो जरूर द्या, पण संक्रांतीच्या मेसेजात नव्हे. घरातल्या मोठ्या मुलाला एरवीच्या दिवशी फोन करा, म्हणा, आजींचा लग्नातला एक फोटो आहे, हवा असेल तर मोठा करून देतो. बऱ्याच घरांत भिंतीवर लावायला धड फोटो नसतो, आधार कार्डावरचा वाढवून लावलेला असतो. या प्रिंटचे पैसे घेऊ नयेत असं माझं मत आहे.

पाठवायच्या तांत्रिक गोष्टी थोड्याच आहेत. ब्रॉडकास्ट लिस्टचा मोह टाळा. त्या यादीत 256 जण बसतात खरे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते, आणि लग्न झाल्यावर फोटोग्राफरचा नंबर किती जण ठेवतात? तुमची कार्डं ‘उघडत नाहीत’ असं तुम्हाला वाटतं, त्यातली काही पोचलेलीच नसतील. एक टिक येऊन थांबलंय का ते बघा. एकेकाला वेगळा पाठवलेला मेसेज नंबर सेव्ह नसला तरी जातो, म्हणून खाली आपलं आणि स्टुडिओचं नाव न विसरता लिहा. फोटो लांब बाजूने 2048 पिक्सेलचा करून, एचडी पर्याय निवडून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर क्वालिटी पूर्ण राहते, पण समोरच्याला फोटोऐवजी फाइलचं नाव दिसतं, आणि वयस्क माणसं अनोळखी फाइल उघडत नाहीत. फोटोवर ‘शुभ मकरसंक्रांती’ लिहू नका, पतंग आणि तिळाचे लाडू चिकटवू नका. लोगो अगदीच हवा असेल तर कोपऱ्यात, बारीक.

ऑफर, डिस्काउंट, ‘आपल्या नातेवाइकांना सांगा’ यातलं काहीही नको. नाव खाली आहे, तेवढं पुरतं. ज्याच्या घरी पुढचं लग्न आहे तो आपणहून विचारतो, आणि विचारलं तरी त्याच मेसेजखाली रेट टाकू नका. ‘उद्या फोन करतो’ म्हणा आणि खरंच करा.

एक जुनी पद्धत मी अजून ठेवली आहे. निवडक घरी, जिथे म्हातारी माणसं आहेत आणि फोन नातवाच्या हातात असतो, तिथे 4 बाय 6 ची प्रिंट पाकिटातून देतो. मागे लग्नाची तारीख आणि एक ओळ. ती बॉलपेनने लिहू नका, दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. सीडीवर लिहायचा बारीक मार्कर घ्या आणि प्रिंटवर प्रिंट ठेवण्याआधी शाई पूर्ण वाळू द्या. तिळगुळाची पुडी त्याच पाकिटात घालू नका. तिळाचं तेल कागदातून झिरपतं आणि दोन दिवसांत फोटोवर पिवळा डाग येतो. पुडी वेगळी, हातात द्यायची.

राहिला प्रश्न बाकीच्या समाजांचा, कारण सोलापुरात एकाच सणावर भागत नाही. पद्मशाली घरांना मी नारळी पौर्णिमेला, मार्कंडेय रथोत्सवाच्या दिवशी लिहितो. त्यांच्या लग्नात गोष्ट शोधायची जागाही वेगळी. डोक्यावर जिरे-गूळ ठेवायचा क्षण सगळे काढतातच, पण त्यानंतर एकमेकांवर तांदूळ ओतताना नवरा-नवरीत जी चढाओढ लागते आणि दोन्हीकडचे भाऊ-बहिणी ओरडून चिथावतात, तिथले चेहरे बघा. घरात तेलुगू बोलत असले तरी ज्या भाषेत ऑर्डर ठरली त्याच भाषेत लिहा. उगाच चार मोडके तेलुगू शब्द घालायची गरज नाही. मुस्लिम घरांना रमजान ईदला, आणि तिथे बायकांच्या बाजूचा एकही फोटो फोनवर पाठवायचा नाही, ज्यांनी ऑर्डर दिली त्यांनी मागितल्याशिवाय. वलीम्यातला, दस्तरख्वानावर बसलेल्या आजोबा-नातवाचा असा एखादा शोधा.

यंदा सगळ्यांना जमणार नाही. गेल्या वैशाखातल्या लग्नांपासून सुरुवात करा, त्यांची पहिली संक्रांत आहे. त्याआधीची पुढच्या वर्षी. आणि पाठवलेल्या फोटोचा नंबर ऑर्डर बुकात त्याच पानावर टिपून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी तोच फोटो परत जाईल.